डायबेटीसमध्ये पोट साफ होत नाही? कळण्याची भाकरी, पाणी आणि इसबगोल कसं जमवायचं

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डायबेटीस होऊन चौदा वर्षं झाली आणि गेली तीनेक वर्षं सकाळचा अर्धा तास संडासात जातो. मी स्वतः आहाराचं काम करते, दिवसभर लोकांना काय खा काय नको सांगते, आणि घरातच हे सुरू. तर मागच्या वर्षी मे महिन्यात मी एकदम जोशात येऊन एकाच दिवसात सगळं बदललं. सकाळी गव्हाचा कोंडा घातलेली पोळी, दुपारी मोडाचे हरभरे, रात्री दोन मोठे चमचे इसबगोल. नाना ताटाकडे बघून म्हणाले, "माले काय ढोर समजस का?" चार दिवसांनी त्यांचं पोट ढोलासारखं टणक, गॅसने झोप नाही, आणि जे थोडंफार होत होतं तेही बंद. बाहेर जळगावचं ४४ डिग्री ऊन, आणि माणूस दिवसभरात पितो चार ग्लास पाणी आणि सहा कप चहा. फायबर चुकीचं नव्हतं, क्रम चुकला होता. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने नंतर जमलं त्याच क्रमाने लिहितेय.

आधी बघा की अडलंय कुठे

डायबेटीसवाल्याचं पोट दोन-तीन वेगळ्या कारणांनी अडतं आणि प्रत्येकाला उपाय सारखा नसतो. एक म्हणजे शुगर जास्त राहिली की लघवीवाटे पाणी खूप जातं, शरीर मग आतड्यातून पाणी ओढून घेतं आणि मळ सुकतो. अशा माणसाला नुसता कोंडा दिला की सुक्यात सुकं. दुसरं म्हणजे बरीच वर्षं शुगर असली की आतडं हलवणाऱ्या नसा मंदावतात, पायाला मुंग्या येतात ना, तोच प्रकार आतड्याच्या नसांना. आणि तिसरं कारण गोळ्यांच्या डब्यात असतं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, बीपीच्या काही गोळ्या, पायाच्या आगीसाठी रात्री देतात ती अमिट्रिप्टिलीन, ॲल्युमिनियमवालं ॲसिडिटीचं औषध, आणि आता नवीन आलेली शुगर-वजनाची आठवड्याची इंजेक्शनं, ह्या सगळ्यांनी पोट बांधलं जातं. मेटफॉर्मिनला लोक उगाच दोष देतात, तिने बहुतेकदा उलट जुलाब होतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरकडे जाताना अख्खा डबा सोबत न्या आणि थेट विचारा की ह्यातली पोट बांधणारी कोणती. थायरॉईड तपासून बरेच दिवस झाले असतील तर तेही विचारून घ्या.

मळ कसा होतो ते बघायला लाजू नका. शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा सुटा आणि कडक असेल तर पाणी आणि पाणी धरणारं फायबर कमी पडतंय. मळ मऊच आहे पण बाहेर येत नाही, खूप जोर लावावा लागतो, बोटाने मदत करावी लागते, असं असेल तर अडचण गुदद्वाराच्या स्नायूंची असू शकते, तिथे भाकऱ्या बदलून काही होत नाही, दाखवावंच लागतं.

आणि एक माणूस असा असतो ज्याला हा लेख लागूच नाही. चार घास खाल्ले की पोट भरलं, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटीत तसंच निघतं, शुगर कधी जेवणानंतर लगेच खाली आणि चार तासांनी वर. ह्यात जठरच हळू रिकामं होतंय, अशा माणसाला कोंडा, सालीची कडधान्यं, इसबगोल दिलं तर आत गोळा होऊन बसतं. त्याला डॉक्टर उलट कमी फायबरचं मऊ जेवण सांगतात.

मग पाणी, आणि आठ दिवस फक्त पाणीच

हो, आठ दिवस दुसरं काहीच बदलायचं नाही. नानांसाठी मी एक लिटरची स्टीलची बाटली ठेवली, एक दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची आणि एक संध्याकाळी सहापर्यंत, त्यानंतर कमी, नाहीतर रात्री लघवीला उठून उठून झोप जाते. उन्हाळ्यात वरून पातळ ताक, बिनसाखरेचं. चहा सहावरून तीनवर आणला, ते भांडण वेगळं लिहावं लागेल. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर ते माप मोडायचं नाही, आणि मग पुढचं इसबगोलसुद्धा विचारल्याशिवाय नको.

आठ दिवसांत नानांचं पोट सुटलं असं नाही, पण लेंड्या जाऊन जरा एकत्र व्हायला लागलं. म्हणजे आता फायबरला आत भिजायला पाणी होतं.

आता भाकरी: चाळण बाजूला ठेवा

आपल्याकडे एक समजूत पक्की बसलीय की ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरवाल्याला खुली सूट. तसं नाहीये. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कार्ब आणि १० ग्रॅम फायबर, गव्हाच्या न चाळलेल्या पिठात ६४ आणि ११ च्या आसपास. म्हणजे दोघी बहिणी-बहिणीच. खरा फरक पडतो तो पांढऱ्या तांदळाशी, तिथे फायबर जेमतेम ३ आणि कार्ब ७८. आणि दुसरा फरक पडतो भाकरीच्या आकाराने. खान्देशातली भाकरी पुण्या-मुंबईच्या भाकरीएवढी नसते हो, आमच्याकडे सासूबाई थापतात ती मी एकदा पिठासकट मोजली तर ८० ग्रॅम पीठ एका भाकरीला. अशा दोन म्हणजे १०८ ग्रॅम कार्ब, आणि वरून "थोडासा" भात.

दुसरी चूक चाळणीची. दादर ज्वारी आणतो, चांगले पैसे देतो, बारीक दळून आणतो, आणि बारीक चाळणीने चाळून जो कोंडा निघतो तो गाईला. पोट साफ करणारा भाग गाईच्या पोटात गेला. कोंड्याचं काम कसं चालतं तर त्याचे जाड कण आतड्याच्या आतल्या कातडीला घासतात, त्याने तिथे पाणी आणि चिकट स्राव सुटतो आणि मळ पुढे सरकतो. म्हणून कण जाडसर हवेत. एकदम मैद्यासारखं बारीक दळलेल्या कोंड्यात ती घासायची ताकद राहत नाही, उलट तो मळ घट्ट करू शकतो. गिरणीवाल्याला सांगायचं, "दादा, जरा जाडसर दळा", आणि घरी फक्त खडे-काडी बघण्यापुरती मोठ्या भोकाची चाळण.

आता अडचण अशी की जाडसर ज्वारीची भाकरी थापताना कडेने फाटते, आणि सुनेला बोलणी बसतात. इथे आपलं कळणं कामाला येतं. कळणं म्हणजे ज्वारीसोबत सालीसकट काळे उडीद दळायचे. उडदाचा चिकटपणा पिठाला धरून ठेवतो, भाकरी फाटत नाही, आणि अख्ख्या उडदात १०० ग्रॅमला २० ग्रॅम फायबर आणि कार्ब फक्त ४४. प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं असतं, मी ३ किलो दादरला १ किलो उडीद घेते. ह्याचा हिशोब केला तर १०० ग्रॅम कळण्याच्या पिठात ६२ ग्रॅम कार्ब आणि पावणेतेरा ग्रॅम फायबर येतं. म्हणजे नुसत्या ज्वारीपेक्षा बरं, पण जादू नाही. सहा ग्रॅम कार्बचा फायदा तुम्ही अर्धी भाकरी जास्त खाऊन लगेच घालवू शकता, आणि कळण्याची भाकरी ठेच्यासोबत इतकी गोड लागते की ती अर्धी जास्त जातेच!

दोन सूचना. एक, कळणं दळताना खडे मीठ सोबतच दळायची पद्धत आहे, घरात बीपीवाला असेल तर मीठ न घालता दळून आणा. दोन, डाळीवाले उडीद, म्हणजे साल काढलेली पांढरी डाळ, घालू नका, त्यात फायबर जवळपास निम्मं होतं. सालच हवीय आपल्याला. ज्यांना उडदाने गॅस होतो त्यांनी सुरुवात ५ किलोला १ किलोपासून करावी. हिवाळ्यात बाजरीचं कळणं करा, तेही तसंच चालतं.

नाचणी, ओट्स, मल्टीग्रेन आट्याचं काय असं सगळे विचारतात. नाचणी ज्वारीच्याच रांगेतली, पण तिची पातळ पेज केली की शुगर पटकन चढते, भाकरी केली तर कमी. दोन मिनिटांत शिजणारे ओट्स नको, जाडे ओट्स चालतील, पण दादर ज्वारी घरात असताना ते आणायचं कारण मला तरी दिसत नाही. मल्टीग्रेनच्या पाकिटावर मागे बघा, बहुतेक वेळा पहिलं नाव गव्हाचंच असतं आणि बाकीची धान्यं चिमूटभर.

ताटात काय आधी येतं

पूर्वी नाना भाकरी कुस्करून त्यावर पातळ वरण ओतून पहिले दहा मिनिटं फक्त तेच खायचे, भाजी शेवटी, ती पण लोणच्यासारखी. आता ताटात आधी एक मोठी वाटी भाजी येते, गिलके, गवार, मेथी, पोकळा, घोळ, जे बाजारात असेल ते, आणि अर्धी वाटी मटकी किंवा अख्ख्या मुगाची उसळ. ती बऱ्यापैकी संपली की मग भाकरी. भाजी-कडधान्य आधी पोटात गेलं की भाकरीची साखर रक्तात हळू उतरते, आणि तुमच्या शुगर मशीनवर हा फरक तुम्हालाच दिसेल. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नीट मऊ शिजवायचं, कचकचीत ठेवलं की गॅस. पहिल्या आठवड्यात दोन चमचेच उसळ, मग पाव वाटी, मग अर्धी. मी पहिल्यांदा जी चूक केली ती इथेच, आतड्यातले जंतू एवढ्या फायबरला सरावलेले नसतात, त्यांना दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

शेवभाजीला भाजी म्हणू नका एवढीच विनंती. तो बेसन आणि तेल.

इसबगोल कधी आणि कसं

हे मी तिसऱ्या आठवड्यात आणलं, आणि इथे बहुतेक लोक वेळ चुकवतात. रात्री झोपताना कोमट पाण्यातून, असं सगळे घेतात, त्याने पोटाला फायदा होतो पण शुगरला काही नाही, कारण तेव्हा पोटात जेवणच नसतं. इसबगोल पाण्यात भिजून जी जेली होते ती जेवणात मिसळली तरच साखरेला अडवते. म्हणून जेवणाच्या लगेच आधी घेतलं तर एका चमच्यात दोन्ही कामं.

पण तीच जेली गोळ्यांनाही अडवते. म्हणून गोळी आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. नानांच्या शुगरच्या गोळ्या सकाळी आणि रात्री जेवणासोबत, दुपारी एकही गोळी नाही, म्हणून आम्ही दुपारचं जेवण निवडलं. तुमचं वेळापत्रक वेगळं असेल तर डॉक्टरांना विचारून तशी मोकळी वेळ शोधा.

माप असं. साधी भुशी घ्या, संत्र्याच्या चवीचं पाकीट नको, त्यात बऱ्याचदा साखर असते, मागे वाचा. भुशी हलकी असते, चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅमच. पहिले पाच-सहा दिवस एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळायचं आणि लगेच पिऊन टाकायचं, ठेवलं तर खळ होते आणि मग नाना ते मोरीत ओततात. त्यावर अजून अर्धा ग्लास साधं पाणी. मग दीड चमचा, मग दोन, गरज पडली तर अडीच. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोट घ्यायचा नाही, घशात फुगून अडकते. गिळायला त्रास असणाऱ्याला तर द्यायचंच नाही. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. फरक दिसायला एक ते तीन दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी झालं नाही म्हणून डबल करू नका.

नानांचं मोजून काय झालं

आम्ही तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा दुपारचंच जेवण, पहिला घास घेतला ती वेळ लिहून तिथून बरोबर दोन तासांनी. लोक जेवण संपल्यापासून मोजतात, मग आकडे जुळत नाहीत.

जुन्या जेवणाला, म्हणजे चाळलेल्या ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या, वाटीभर भात आणि पातळ वरण, आधी १३८ आणि दोन तासांनी २४६. त्या ताटात भाकरी-भाताचेच १४० ग्रॅमच्या आसपास कार्ब होते. मग कळण्याची भाकरी, पण ७० ग्रॅम पिठाची आणि दीडच, भात बंद, आधी भाजी आणि अर्धी वाटी मटकी. कार्ब आले ८० च्या घरात. आधी १३२, नंतर १८८. आणि तिसऱ्यांदा हेच ताट, फक्त आधी दोन चमचे इसबगोल, १३५ वरून १७६. आता ह्यात सगळ्यात मोठं काम कशाने केलं ते बघा, भाकरी लहान केली आणि भात गेला त्याने. इसबगोलने वरचा थोडा भाग कापला. पोटाच्या बाबतीत मात्र उलट, तिथे पाणी आणि इसबगोल जिंकले. पाचव्या आठवड्यात एका सकाळी नाना बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आज पोट मोकळं व्हयनं", आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून वहीत तारीख लिहिली.

साधारण जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या खाली राहिलं तर बऱ्याच जणांसाठी ठीक मानतात, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच. पण एक धोका सांगते, हा घरात कुणाच्या लक्षात येत नाही. नानांच्या गोळीत ग्लिमेपिराईड आहे. भात बंद केला, भाकरी कमी केली, पण गोळी तीच, तर एका संध्याकाळी पाच वाजता त्यांना घाम फुटला, हात थरथरले, मोजली तर ६६. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस कमी केला. तेव्हा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणातले कार्ब एवढे कमी करायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. आणि ७० च्या खाली गेलेल्या माणसाला त्या वेळी भाकरी किंवा कळणं देऊ नका, फायबर आहे म्हणून ते हळू चढतं, तिथे साखरच लागते.

केळ्याचं काय करायचं

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न टाळताच येत नाही. घरात घडच्या घड असतात आणि "पोट साफ होत नाही? रात्री दोन केळी खा" हा सल्ला गल्लीतल्या प्रत्येकाकडे तयार. एका मध्यम पिकलेल्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब आणि फायबर फक्त ३ ग्रॅम. दोन केळी म्हणजे जवळजवळ एका भाकरीचे कार्ब, रात्री, झोपायच्या आधी. तेवढ्याच वजनाच्या पेरूत फायबर कितीतरी जास्त आणि साखर कमी, तर पोटासाठी फळ हवं असेल तर बियांसकट अर्धा-एक पेरू. अंजीर-मनुका भिजवून खायचं तेच, चार-पाच मनुकांनी काही होत नाही पण लोक मूठभर खातात.

सोनामुखीची चूर्णं आणि एरंडेल हे आतड्याला चाबूक मारल्यासारखं आहे, कधीतरी एखाद्या वेळी ठीक, पण रोज लागत असेल तर ते डॉक्टरांशी बोलायचं काम.

आणि ह्या सगळ्यात वाट न बघता दाखवायचं कधी, तर मळात रक्त किंवा काळा डांबरासारखा मळ, न करता वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी निघणं, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं. पोट फुगलंय, गॅससुद्धा सरत नाही आणि उलट्या होतायत तर त्या वेळी इसबगोल, एरंडेल काहीही द्यायचं नाही, सरळ दवाखाना.

नाना आता सकाळी चहानंतर दहा मिनिटांत संडासात जातात, कारण पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं आणि ती वेळ गमवायची नाही, कमोडसमोर पायाखाली एक बुटका पाट ठेवलाय. डिसेंबरात शेतात भरीत पार्टी झाली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. पुरी कळण्याची असली तरी तळलेली, आणि तळलेलं शुगर उशिरा चढवतं, म्हणून त्या दिवशी दोन तासांऐवजी तीन तासांनी मोजलं. आधी वाटीभर भरीत, मग दोनच पुऱ्या. १९४ आली. पुढच्या वेळी ते भाकरी घेणार म्हणतात, पण मिरचीच्या भरितासमोर कितपत टिकतील ते बघू.